xᵀAx चा ग्रेडियंट 2Ax घेतला आणि उत्तर −15 वर अडकलं. चूक कुठे आहे?

चिंचेचं_झाड
ऑप्टिमायझेशन स्वतःच शिकतेय. सरावाला एक साधं फंक्शन घेतलं:

f(x, y) = 2x² + 2xy + 3y² − 8x − 14y

हे मॅट्रिक्सच्या रूपात लिहायचं आणि ग्रेडियंट डिसेंटने किमान बिंदू काढायचा, एवढंच काम. सहगुणक वाचत गेले: x² चे 2, xy चे 2, y² चे 3. त्यावरून A लिहिला. मग "ax² चं डेरिव्हेटिव्ह 2ax, तसं xᵀAx चं 2Ax" असं धरून हे लिहिलं:

```python
import numpy as np
A = np.array([[2., 2.], [0., 3.]])
b = np.array([-8., -14.])
f = lambda x: x @ A @ x + b @ x
x = np.zeros(2)
for k in range(200):
    x = x - 0.1 * (2 * A @ x + b)
print(x, f(x))
```

उत्तर आलं (−0.3333, 2.3333) आणि f = −15. पण प्रत्येक पायरीला f छापून पाहिलं तर भलतंच दिसतं. 0 वरून −16.6, मग −17.82, आणि तिथून पुढे −17.49, −16.92 असं चक्क वर चढत जाऊन −15 वर थांबतं. उतारावरून खाली जायचं म्हणून निघालेला माणूस मध्येच वळून टेकडी चढायला लागतो, हे कसं? f चा कोड बरोबर आहे, चार-पाच बिंदू हाताने तपासलेत.

रात्रपाळी
स्टेप मोठी आहे. 0.1 ने दरीच्या पलीकडे उडी मारतोय. 0.01 कर.

चिंचेचं_झाड
0.01 करून झालं, 0.001 आणि वीस हजार फेऱ्याही करून झाल्या. पोचतो त्याच जागी, फक्त उशिरा.

शेवटची_लोकल
मी ऑफिसात गेली सहा वर्षं लिनियर रिग्रेशन ग्रेडियंट डिसेंटनेच चालवतोय. ग्रेडियंट 2Xᵀ(Xw − y), हेसियन म्हणजे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांचा मॅट्रिक्स 2XᵀX, कधी असा त्रास नाही झाला. डेटा स्केल केलायस का? सरासरी वजा कर, स्टँडर्ड डेव्हिएशनने भाग, नव्वद टक्के आजार तिथेच बरे होतात.

चिंचेचं_झाड
डेटाच नाहीये दादा, दोन चलांचं एक बहुपद आहे फक्त.

निवृत्त_मास्तर
मला पायथन येत नाही, पण हे साधं गणित आहे. मॅट्रिक्स क्षणभर बाजूला ठेव आणि हाताने डेरिव्हेटिव्ह घे.

x धरून: 4x + 2y − 8 = 0
y धरून: 2x + 6y − 14 = 0

आता क्रेमर लाव. D = 24 − 4 = 20, Dx = 48 − 28 = 20, Dy = 56 − 16 = 40. म्हणजे x = 1, y = 2. किंमत 2 + 4 + 12 − 8 − 28 = −18. तुझ्या −15 पेक्षा तीनने खाली.

आता तुझा 2Ax + b उलगड. पहिली ओळ 4x + 4y − 8, दुसरी 6y − 14. माझ्या ओळींशी ताडून बघ. 2xy या पदाचा वाटा दोन्ही समीकरणांत पडायला हवा, x च्या समीकरणात 2y आणि y च्या समीकरणात 2x. तुझ्याकडे थोरल्याने दोन्ही वाटे घेतले (4y) आणि धाकट्याच्या हाती काही लागलं नाही. एकूण इस्टेट तेवढीच, पण वाटणी चुकली.

रात्रपाळी
मास्तरांचं पटलं. म्हणजे मूळ चूक A लिहिण्यातच आहे. हेसियन नेहमी सिमेट्रिक असतो, तुझा A सिमेट्रिक नाही, म्हणून A चुकीचा. [[2, 1], [1, 3]] लिही, प्रश्न संपला.

मुळाक्षर
रात्रपाळी, उपाय बरोबर सांगितलास, कारण मात्र अर्धंच. A चुकीचा नाहीये. तो टाकून f च्या किमती बरोबर येतात, तिने तपासल्याही आहेत. [[2, 2], [0, 3]] घे, [[2, 0], [2, 3]] घे, नाहीतर गंमत म्हणून [[2, 102], [−100, 3]] घे. सगळ्यांतून तेच फंक्शन मिळतं, कारण xᵀAx ला कोपऱ्यातल्या दोन आकड्यांची फक्त बेरीज दिसते. A असंख्य, फंक्शन एक, हेसियनही एकच. "हेसियन सिमेट्रिक असतो म्हणून A सिमेट्रिक हवा" असं म्हणताना तू A लाच हेसियन धरलंस. चुकलाय तो "2Ax" हा नियम.

हा नियम पाठ करण्यापेक्षा एकदा काढून बघा, तीन ओळींचं काम आहे. x पासून h एवढं सरका:

f(x + h) = f(x) + hᵀAx + xᵀAh + bᵀh + hᵀAh

यात h एकदाच येणारी पदं म्हणजे ग्रेडियंटचा भाग. त्यातलं xᵀAh हे शेवटी एक साधा आकडा आहे, आणि आकड्याचा ट्रान्सपोज तोच आकडा, म्हणून ते hᵀAᵀx असंही लिहिता येतं. सगळीकडून hᵀ बाहेर काढला की उरतं

∇f = (A + Aᵀ)x + b

आणि h दोनदा येणारं पद hᵀAh हे ½hᵀHh शी जुळवायचं, त्यातून

H = A + Aᵀ

इथे ते [[4, 2], [2, 6]] येतं. मास्तरांच्या दोन समीकरणांतले सहगुणक हेच. x हा xᵀAx मध्ये दोन जागी बसलेला आहे, डावीकडे आणि उजवीकडे. डावा हलवला की A ची ओळ मिळते, उजवा हलवला की स्तंभ. 2Ax लिहिणारा माणूस ओळच दोनदा मोजतो. A सिमेट्रिक असला की ओळ आणि स्तंभ सारखेच, म्हणून चूक खपून जाते.

शेवटची_लोकल, तुम्हाला सहा वर्षांत हे भेटलं नाही त्याचं कारणही हेच. तुमचा XᵀX जन्मतःच सिमेट्रिक आहे. स्केलिंगचा इथे संबंध नाही.

शेवटची_लोकल
खरंय, प्रश्न नीट वाचला नव्हता. गाडीत उभा राहून टाइप करत होतो. पण मग एक सांगा ताई, ग्रेडियंट चुकीचा असूनही हा पठ्ठ्या सुरुवातीला −17.82 पर्यंत खाली गेलाच कसा? चुकीचा ग्रेडियंट असता तर पहिल्याच पायरीला बोंब झाली असती.

मुळाक्षर
चांगला प्रश्न. चुकीच्यातून बरोबर वजा करा: 2Ax − (A + Aᵀ)x = (A − Aᵀ)x. ही सगळी चूक. तिच्या उदाहरणात A − Aᵀ म्हणजे [[0, 2], [−2, 0]], म्हणजे (x, y) बिंदूवर चूक (2y, −2x) एवढी.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, मूळ बिंदूवर चूक शून्य आहे. तिने सुरुवात (0, 0) पासून केली, म्हणून पहिली पायरी अगदी अचूक पडली. मूळ बिंदूपासून जितकं लांब जाल तितकी चूक वाढते.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. (2y, −2x) हा बाण (x, y) ला नेहमी काटकोनात असतो. म्हणजे मूळ बिंदूपासून सरळ बाहेर जाणाऱ्या रेषेवर उतार मोजलात तर चुकीचा ग्रेडियंटही बरोबर उत्तर देतो, तो फक्त आडवा ढकलतो. तिचा बिंदू खाली जाता जाता हळूहळू बाजूला सरकत गेला, आणि शेवटी जिथे खरा उतार आणि हा आडवा धक्का एकमेकांना खोडतात तिथे थांबला. (−1/3, 7/3) वर खरा ग्रेडियंट (−14/3, −2/3) आहे, शून्याच्या आसपासही नाही. कोडातला ग्रेडियंट मात्र तिथे शून्य आहे, त्यामुळे "ग्रेडियंटची लांबी 10⁻⁶ पेक्षा कमी झाली की थांब" अशी अट घातली असती तर कोडाने आनंदाने "उत्तर मिळालं" म्हणून सांगितलं असतं.

स्टेप बदलून जागा का बदलली नाही तेही यातच आलं. स्टेपने चालण्याचा वेग ठरतो. मुक्काम ठरतो तो ग्रेडियंट कुठे शून्य होतो त्यावरून.

चिंचेचं_झाड
ताई, आता ओळ बदलली:

```python
x = x - 0.1 * ((A + A.T) @ x + b)
```

(1, 2) आणि −18. सुटलं! पण हे मला f छापून पाहिलं म्हणून कळलं. पन्नास चलं असती तर मास्तरांसारखं हाताने कोण ताडून बघणार? आधीच कळायला काय करायचं?

मुळाक्षर
फंक्शनच्या किमतींवरून ग्रेडियंट मोजायचा आणि कोडातल्या ग्रेडियंटशी ताडायचा. एकेक चल h ने पुढे न्यायचं, h ने मागे न्यायचं, किमतींचा फरक 2h ने भागायचा. इतर फंक्शनांना h केवढा घ्यावा ही डोकेदुखी असते. मोठा घेतला तर वक्रता आड येते, फार लहान घेतला तर वजाबाकीत दशांश उडतात. द्विघातीला ती डोकेदुखी नाही, हा पुढे-मागेचा फरक कोणत्याही h ला अचूक असतो. h = 1 घे, कागदावरही जमेल.

बिंदू (1, 1) घेऊ. f(2, 1) = −15, f(0, 1) = −11, फरक −4, निम्मे −2. दुसऱ्या दिशेने f(1, 2) = −18, f(1, 0) = −6, फरक −12, निम्मे −6. म्हणजे खरा ग्रेडियंट (−2, −6). तुझं 2Ax + b इथे (0, −8) देतं. पकडला गेला.

पण ही तपासणी (0, 0) वर करू नकोस. माझ्या हाताखालच्या एका मुलाने सगळ्या चाचण्या np.zeros वरच लिहिल्या होत्या. तिथे x शून्य असल्यामुळे A गायबच होतो, उरतो b, आणि कुठलाही A घाला, चाचणी पास. बिंदू रँडम घ्यायचा. आणि एकेका चलाऐवजी एकच दिशा घेऊन तपासणार असशील तर ती दिशा x चीच घेऊ नकोस, वर म्हटलं तसं त्या दिशेला चूक दिसत नाही.

रात्रपाळी
बरं, ग्रेडियंटचं कळलं. पण किमान आहे की नाही ते तपासायला तर A च्या आयगेनव्हॅल्यू पुरेत ना? इथे A त्रिकोणी आहे, आयगेनव्हॅल्यू 2 आणि 3, दोन्ही धन, म्हणून फंक्शन वाडग्यासारखं. त्यासाठी A + Aᵀ करायची काय गरज?

मुळाक्षर
इथे निष्कर्ष बरोबर निघाला तो नशिबाने. A = [[1, 4], [0, 1]] घेऊन बघ. आयगेनव्हॅल्यू 1 आणि 1, दोन्ही धन. आता x = (1, −1) टाक: 1 − 4 + 1 = −2. दुप्पट लांब जा, −8. खाली तळच नाही. A + Aᵀ म्हणजे [[2, 4], [4, 2]], आयगेनव्हॅल्यू 6 आणि −2. एका दिशेने वाडगा, दुसरीने घसरगुंडी, घोड्याच्या खोगिरासारखा आकार. किमान बिंदू नाहीच.

रात्रपाळी
थांबा, मी हे चोलेस्कीने तपासतो नेहमी. मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नसेल तर `np.linalg.cholesky` एरर देतं. आत्ता तुमचा A टाकून बघितला. एरर नाही! आयडेंटिटी मॅट्रिक्स परत आला. नमपाय चुकतंय का?

मुळाक्षर
नमपाय चुकत नाही. ते फक्त कर्ण आणि त्याखालचा त्रिकोण वाचतं, मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे असं गृहीत धरून. खरंच तसा आहे का ते तपासत नाही. तुझा 4 वरच्या त्रिकोणात आहे, तो त्याने पाहिलाच नाही, त्याला दिसला [[1, 0], [0, 1]]. `np.linalg.eigvalsh` सुद्धा तसंच, खालचा त्रिकोण. या दोघांना द्यायचा तो A + A.T, नुसता A नाही. तो दे, चोलेस्की लगेच एरर टाकेल.

निवृत्त_मास्तर
एक अवांतर. हेसियन हे नाव जर्मन गणिती ऑटो हेस यांच्यावरून पडलं, जन्म 1811, कोनिग्सबर्ग. नाव ठेवलं ते सिल्व्हेस्टरने. त्यामुळे "हेशियन" नव्हे, "हेसियन". आमच्या वेळी वर्गात यावर वाद व्हायचे. असो.

गुंतवणूकदार_गडी
धागा वाचून माझं जुनं दुखणं आठवलं. मी हौसेने पोर्टफोलिओचं गणित CVXOPT या पायथनच्या ऑप्टिमायझेशन लायब्ररीत करतो. त्याच्या मॅन्युअलमध्ये ½xᵀPx + qᵀx असं आहे. सुरुवातीला मी तो ½ पाहिलाच नाही, सरळ A दिला, उत्तरं भलतीच. मग P = 2A दिला तरी भलतीच. आता चिंचेचं_झाड यांचा A दुप्पट करून, म्हणजे [[4, 4], [0, 6]], टाकून पाहिला. उत्तर (2, 2.3333). म्हणजे (1, 2) ही नाही आणि त्यांचा चुकीचा बिंदूही नाही, तिसराच. आणि f ची किंमत काढली तर तीही −15! हा काय प्रकार?

मुळाक्षर
CVXOPT पण P चा खालचाच त्रिकोण वाचतं. त्याला दिसला [[4, 0], [0, 6]], म्हणजे xy पद पूर्ण गायब. मग 4x = 8, 6y = 14, उत्तर (2, 7/3). −15 दोन्हीकडे यावं हा योगायोग, त्यात काही शोधू नका. (तरी मी हिशोब करून पाहिला. खऱ्या तळापासून दोन्ही बिंदूंची उंची नेमकी 3 येते.)

इथे एक घोळ सगळ्यांचाच होतो, म्हणून जरा सविस्तर. त्रिकोणी मॅट्रिक्स दोन अर्थांनी लिहिला जातो. चिंचेचं_झाड लिहिते तेव्हा कोपऱ्यातला 2 म्हणजे xy चा सगळा सहगुणक. सॉफ्टवेअर जेव्हा "एकच त्रिकोण द्या" म्हणतं तेव्हा तो सिमेट्रिक मॅट्रिक्सचा अर्धा भाग असतो, दुसरा अर्धा तसाच आहे असं समजून. तिथे कोपऱ्यात हेसियनमधला आकडा हवा. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून फसगत होते. मॅटलॅबचं quadprog त्यामानाने शहाणं, सिमेट्रिक नसलेला H दिला की इशारा देऊन स्वतःच (H + H')/2 करून घेतं.

½ बद्दल माझं मत: तो ठेवावा. ½xᵀPx लिहिलं आणि P सिमेट्रिक घेतला की ग्रेडियंट Px + q, हेसियन थेट P. दोनाचा गुणाकार कुठे राहिला हा प्रश्नच उरत नाही.

शेवटची_लोकल
मी ½ नाही ठेवत. माझ्याकडे वर्गांच्या बेरजेची चूक रिपोर्टात जाते, ती अर्धी कोण छापणार? ज्याचं त्याने ठरवावं.

चिंचेचं_झाड
अजून एक. बरोबर ग्रेडियंट घेऊन उत्साहात स्टेप 0.3 केली, तर आकडे आभाळात गेले. 0.25 ला मात्र नीट चालतं.

मुळाक्षर
आता रात्रपाळीचा पहिला सल्ला लागू पडतो! H च्या आयगेनव्हॅल्यू 5 + √5 आणि 5 − √5, म्हणजे 7.236 आणि 2.764. स्टेप 2/7.236, म्हणजे साधारण 0.276 च्या आत हवी. 0.3 ला सर्वात तीव्र दिशेतली चूक दर फेरीला 1.17 पट होते, आणि बाजूही बदलते. दोन्ही टोकांची बेरीज 10 आहे, म्हणून 2/10 = 0.2 ही स्टेप इथे सर्वात चांगली, दर फेरीला चूक निम्म्याहून कमी होते. आणि हेसियन हातात आहेच तर फेऱ्या कशाला, `np.linalg.solve(A + A.T, -b)` एका फटक्यात (1, 2) देतं. मास्तरांनी क्रेमरने केलं तेच.

रात्रपाळी
चला, म्हणजे मी बरोबर होतो, फक्त वेळ चुकली.

माझ्याकडे A लाखभर ओळींचा विरळ मॅट्रिक्स आहे. A + Aᵀ केला तर मेमरी जवळजवळ दुप्पट होईल ना?

मुळाक्षर
बेरीज करूच नकोस. `A @ x + A.T @ x` लिही. सायपायच्या CSR मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज नवी प्रत बनवत नाही, तेच आकडे CSC म्हणून वाचतो. गुणाकार दोनदा होईल एवढंच.

गुंतवणूकदार_गडी
माझा दुसरा प्रश्न राहिला. सिमेट्रिक केलं, ½ जुळवला, तरी सॉल्व्हर कुरकुरतो. वीस शेअरचा कोव्हेरिअन्स पांडाजच्या `.cov()` ने काढलाय, काही शेअर उशिरा लिस्ट झाल्यामुळे मधले आकडे रिकामे आहेत. आयगेनव्हॅल्यू पाहिल्या तर सर्वात लहान −0.0003. कोव्हेरिअन्सला ऋण आयगेनव्हॅल्यू कशी?

मुळाक्षर
रिकाम्या जागांमुळे. `.cov()` प्रत्येक जोडीसाठी त्या दोघांचे उपलब्ध दिवस धरतं. दर खान्याचे दिवस वेगळे, म्हणून मॅट्रिक्स सिमेट्रिक राहतो पण त्या सगळ्या खान्यांना एकत्र सांभाळेल असा एकच डेटा अस्तित्वात नसतो. सगळ्यांचे समान दिवसच घेतले तर हे जाईल, पण डेटा कमी होईल. किंवा कर्णावर सगळीकडे 0.0003 पेक्षा थोडं जास्त मिळवा, सगळ्या आयगेनव्हॅल्यू तेवढ्याच वर सरकतात.

त्याआधी एक बघा. तुमची अट आहे की सगळ्या वजनांची बेरीज 1. मग तुम्ही फक्त अशाच दिशेने सरकू शकता जिच्या घटकांची बेरीज 0 आहे. ती ऋण दिशा या पातळीत येते का?

गुंतवणूकदार_गडी
त्या आयगेनव्हेक्टरच्या घटकांची बेरीज 0.41 आली. म्हणजे येत नाही, बरोबर?

मुळाक्षर
पूर्ण येत नाही, पण तेवढ्यावर सुटका नाही. तिचा काही भाग पातळीत पडतोच. बेरीज शून्य असलेल्या 19 स्वतंत्र दिशा घ्या, त्या Z च्या स्तंभांत मांडा आणि ZᵀPZ च्या आयगेनव्हॅल्यू काढा. तिथेही ऋण निघाली तर मात्र कर्णाला हात लावावाच लागेल.

गुंतवणूकदार_गडी
रविवारी बसतो आणि इथे आकडे टाकतो. कर्णावर मिळवलं तर प्रत्येक शेअरची जोखीम मी स्वतःच वाढवून सांगतोय असं नाही का होत? ते काही मनाला पटत नाहीये.